हाँगकाँगच्या बाजारातली पाटी वाचताना

वेट मार्केटमध्ये भाव पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने लिहिलेले असतात. मोबाइलने फोटो काढून भाषांतर केलं की निम्मी पाटी कळते. फसगत होते ती उरलेल्या अर्ध्यात, म्हणजे वजनात. इथल्या जुन्या मराठी कुटुंबांनी नवीन आलेल्यांना हेच आधी सांगायला सांगितलं.

इथलं वजन किलो नव्हे, ‘गन’. एक गन म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. गनाचे सोळा ‘ल्यंग’, आणि एक ल्यंग जेमतेम ३८ ग्रॅम. आपल्याकडे शेराचे सोळा छटाक होते, तसाच हा हिशोब. भाजीचा भाव बहुधा गनावर असतो. कोळंबी किंवा सुकी मासळी मात्र पुष्कळदा ल्यंगावर लावतात, आणि ल्यंगाचं अक्षर ‘दोन’ या अर्थानेही वापरतात. त्यामुळे कोळंबीच्या पाटीवर ८ डॉलर आणि पुढे ते अक्षर असेल, तर मोबाइल ‘८ डॉलरला दोन’ असं सांगू शकतो. प्रत्यक्षात भाव ३८ ग्रॅमचा आहे. सोळाने गुणा: गनाला १२८ डॉलर, म्हणजे किलोला साधारण २१२. स्वस्त समजून पिशवीभर मागितली तर बिल ऐकून दचकाल. म्हणून आकड्याच्या आधी वजनाचं अक्षर पाहा. ल्यंगाच्या अक्षरापुढे गनाचं अक्षर असेल, तर तो दोन गनांचा भाव.

आकड्यांत एक खोच आहे. ९ च्या खांद्यावर बारीक ८ काढला असेल तर तो भाव ९.८० डॉलर. फोटोत तो ९८ दिसतो. काही जुन्या दुकानदारांच्या पाटीवर चिनी व्यापारी अंक अजून भेटतात: एक, दोन, तीनला उभ्या रेघा, चारला फुली, सहाला आडव्या रेघेवर छोटी उभी रेघ, सातला तशाच खाली दोन आडव्या, आठला तीन. शंका आली तर दुकानदाराकडून कॅल्क्युलेटरवर आकडा मागून घ्या. त्यात कुणाला काही वाटत नाही.

घासाघीस इथे आपल्या मंडईइतकी चालत नाही. पाटीवरचा भाव बहुधा तोच राहतो. दोन-तीन भाज्या एकदम घेतल्यावर हसून ‘फेंग ती ला’ म्हणजे ‘थोडं स्वस्त करा ना’ म्हणावं. सुटे पैसे सोडतात, नाहीतर कांद्याची पात वर टाकतात. पात मागायलाही हरकत नाही. संध्याकाळी उशिरा ढीग लावून विकतात, तेव्हा पाटी पुन्हा वाचा, भाव गनावरून ढिगावर गेलेला असतो.

वजन कमी भरल्याची खात्री असेल तर तक्रार कस्टम्स खात्याकडे करता येते. आणि सीमेपलीकडे शेंझेनला खरेदीला गेलात, तर तिथल्या पाटीवर गनाचं तेच अक्षर ५०० ग्रॅमचं असतं.