वारेचा तुकडा की गर्भजल?

प्रश्न : मला नववा आठवडा चालू आहे. मी आणि माझे यजमान दोघंही थॅलेसेमिया मायनर आहोत. डॉक्टर बाराव्या आठवड्यात सीव्हीएस करायला सांगतात. सासूबाई म्हणतात, त्यात गर्भ पडतो. चार आठवडे थांबून पाण्याचीच तपासणी कर. काय करू?
– एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत मी सीव्हीएसच सुचवीन. पण त्याआधी एक काम याच आठवड्यात उरका. तुम्हा दोघांचं रक्त डीएनए तपासणीला पाठवा. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवरून तुम्ही वाहक आहात एवढंच कळतं. बीटा-ग्लोबिन जनुकात नेमका कुठला दोष आहे ते त्यात नसतं. तो माहीत नसेल तर बाळाच्या नमुन्यात काय शोधायचं हे प्रयोगशाळेला सांगणार कसं? ही तपासणी न करताच बाराव्या आठवड्यात येणारी जोडपी मी पाहते, आणि त्यांचे मोलाचे दिवस वाया जातात.

सीव्हीएस अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान करतात. सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई वारेत नेतात, पाठीमागे सिरिंज ओढून धरतात आणि सुई चार-सहा वेळा मागेपुढे करतात. वार खाली असेल तर कधी योनिमार्गानेही नमुना घेतात. बशीत काढल्यावर पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या तंतूंचे पुंजके तरंगताना दिसतात. त्यांना चिकटलेला आईच्या गर्भाशयाचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेगळा करावा लागतो. तो राहून गेला तर तुमचाच दोष बाळाचा म्हणून रिपोर्टात उतरू शकतो. म्हणून नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत याची तपासणी होते का, हे प्रयोगशाळेला जरूर विचारा.

या तंतूंत डीएनए भरपूर असतो, त्यामुळे पेशी वाढवत बसावं लागत नाही. गर्भजलाची सुई पंधरा आठवडे पुरे झाल्याशिवाय घालत नाहीत; त्याआधी घातली तर गर्भपात आणि पाऊल वाकडं होण्याचं प्रमाण वाढतं. त्यात पंधरा-वीस मिलिलिटर पाणी काढतात, पण त्यात बाळाच्या पेशी थोड्याच असतात. कधी त्या आधी वाढवाव्या लागतात. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत पोट दिसायला लागलेलं असतं. तुमच्या प्रत्येक गर्भारपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक आहे. तसं निघालं आणि गर्भपाताचा निर्णय घेतला, तर तेराव्या आठवड्यातला गर्भपात आणि अठराव्यातला यांत शरीराच्या आणि मनाच्या हालांचा फार फरक पडतो.

आता सासूबाईंची भीती. सीव्हीएसनंतर जास्त गर्भ पडतात हे आकड्यांत खरंच दिसतं. पण अकरा-बारा आठवड्यांचे काही गर्भ सुई न लावताही पडतात. सोळाव्या आठवड्यापर्यंत त्यांतले बरेच गळून गेलेले असतात. ते वजा केलं तर सरावलेल्या हातांत निव्वळ सुईमुळे वाढणारा धोका दोन्हींत सारखाच, साधारण दोनशेत एक किंवा त्याहून कमी असतो. दहा आठवड्यांच्या आत मात्र सीव्हीएस करू नये. त्यातून हातापायाची बोटं अपुरी राहिल्याच्या घटना नोंदल्या आहेत. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : सीव्हीएसच्या रिपोर्टात काही पेशी नॉर्मल आणि काहींत दोन नंबरचं गुणसूत्र तीनदा, असं लिहिलं आहे. डॉक्टर आता पाण्याचीही तपासणी करायची म्हणतात. एकाच बाळाला दोन सुया कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कारण पहिली सुई बाळापर्यंत गेलीच नव्हती. वार आणि बाळ एकाच फलित बीजातून होतात खरे, पण त्यांच्या पेशी फार लवकर वेगळ्या होतात. एखादी चूक वारेच्या वाट्याच्या पेशीतच झाली, तर बाळ तिच्यापासून सुटलेलं असतं. शंभर सीव्हीएसमध्ये एक-दोनदा असा मिश्र निकाल येतो आणि बहुतेक वेळा दोष वारेपुरताच निघतो. गर्भजलात बाळाच्या कातडीच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशी सुटून आलेल्या असतात, म्हणून खरं उत्तर तिथून मिळतं. नुसत्या सीव्हीएसवरून कुठलाही निर्णय घेऊ नका.

गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजायला दोन आठवडे लागतात. दोन-तीन दिवसांत मिळणारी झटपट तपासणी प्रामुख्याने १३, १८, २१ आणि लिंगगुणसूत्रांपुरतीच असते. तुमचा प्रश्न दोन नंबरचा आहे, त्यामुळे ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. लिंग कायद्याने सांगता येत नाही, ते विचारू नका. गर्भजल नॉर्मल आलं तरी सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाच्या वाढीची सोनोग्राफी चुकवू नका, कारण सदोष पेशींची वार कधी बाळाला कमी पोसते.