अंडी भाजायची, पण आधी गार पाणी तयार ठेव

अगं, एअर फ्रायर घेतलास ना, मग अंडी त्यातच करून बघ. उकळायला पाणी लागत नाही, गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. डब्यासाठी सहा अंडी एका वेळी होतात. फक्त बीडच्या उन्हाळ्यात यातली एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते, ती म्हणजे अंडी गार करणं.

आधी भाजण्याचं सांगते. अंडी फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेव. बास्केटमध्ये एकाच थरात, थोडी मोकळी मांड. १३० अंशांवर १५ मिनिटं लाव. आधी तापवायची गरज नाही, एकदम गरम हवा लागली तर कवच तडकू शकतं. पहिल्यांदा एकच अंडं लावून कापून बघ. बलकाच्या मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला तर पुढच्या वेळी एक-दोन मिनिटं वाढव. बलक कडेला कोरडा आणि भुरभुरीत झाला तर एक मिनिट कमी कर. प्रत्येक यंत्राची उष्णता थोडी वेगळी असते, त्यामुळे तुझी वेळ तुलाच ठरवावी लागेल. गावरान अंडं लहान असतं, त्याला एखादं मिनिट कमी पुरतं. बॉयलरची आणि गावरान अंडी एकत्र लावू नकोस.

ताईंकडे ओटीजी आहे, त्यात करायचं तर आधी १६५ अंशांवर तापव, अंडी मधल्या जाळीवर ठेव आणि ३० मिनिटं दे. जाळी टेकते तिथे कवचावर तपकिरी डाग पडतात, त्याने अंडं बिघडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र कवचासकट अंडं कधीच ठेवायचं नाही. आत वाफ कोंडून ते फुटतं, कधी तर बाहेर काढल्यावर हातात फुटतं.

आता गार करण्याचं. अंडं बाहेर काढलं तरी आत शिजणं थांबत नाही. कवचाकडची उष्णता आत सरकत राहते. पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो आणि बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. त्यापुढे फार वेळ गरम राहिलं तर पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन बलकाभोवती हिरवट-करडी कड धरते, वासही उग्र येतो. खाल्लं तर अपाय नाही, पण चव जाते.

मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला हात भाजेल इतकं तापलेलं येतं. त्या पाण्यात अंडी बुडवून काही उपयोग नाही. म्हणून यंत्र लावायच्या आधी पातेल्यात माठातलं पाणी घे आणि वेळ संपताना त्यात बर्फाचा एक ट्रे टाक. वेळ संपली की चिमट्याने अंडी थेट त्यात सोड आणि १० मिनिटं ठेव. बर्फ नसेल तर माठाचंच पाणी पाच मिनिटांनी एकदा बदल. टँकरच्या दिवसांत हे पाणी फेकू नकोस, कुंडीला घाल.

सोलताना रुंद टोकाकडून सुरू कर, तिथे हवेची पोकळी असते. तरी सरळ सांगते, भाजलेलं अंडं सोलायला उकडलेल्यापेक्षा सोपं असतंच असं नाही. उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चटकन बसतो आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो, भाजताना उष्णता हळूहळू चढते. अगदी ताजं अंडं तर चिकटतंच. पाण्यात टाकून बघ: आडवं पडलं तर ताजं, तळाशी राहून उभं व्हायला लागलं तर सोलायला चांगलं, वर तरंगलं तर टाकून दे. तपासलेली अंडी कोरडी पुसूनच भाजायला लाव.

विजेचंही बघ. एअर फ्रायर साधारण चौदाशे-पंधराशे वॉट खेचतो, घरातला साधा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. लोडशेडिंगची वेळ टाळून लाव. मध्येच वीज गेली तर यंत्र उघडू नकोस. लगेच आली तर उरलेली मिनिटं दे, खूप उशीर झाला तर त्या अंड्यांवर विसंबू नकोस.

गार झालेली अंडी पुसून, कवचासकट फ्रीजमध्ये ठेव, आठवडाभरात संपव. डब्यात नेशील तर लक्षात ठेव, या उन्हात सोललेलं अंडं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. दुपारी उशिरा जेवणार असशील तर त्या दिवशी अंडं घरीच सकाळी खाऊन जा आणि डब्यात दुसरं काही ने.