जुनी पोस्ट पुन्हा टाकण्याचं कसब

मालवण-तारकर्लीतल्या निवास-न्याहारीवाल्यांची आणि स्कूबावाल्यांची पेजं सांभाळण्याचं काम गावातल्या मुलांना करता येण्यासारखं आहे. ‘दिवसभर मोबाइलवर बसायचं, याला काय काम म्हणायचं?’ ही पालकांची शंका रास्त आहे. म्हणून या कामातलं एकच कसब नीट पाहू: जुन्या पोस्ट ठरलेल्या वेळी पुन्हा टाकायच्या, पण लोकांना कंटाळा येऊ द्यायचा नाही.

कुडाळ स्टेशनावरून मालवणला कसं यायचं, किल्ल्याची होडी कुठून सुटते, पोहता येत नसेल तर स्कूबा जमेल का, हे प्रश्न दर हंगामात येतातच. शिवाय एक पोस्ट सगळ्या फॉलोअर्सना कधीच दिसत नाही. त्यामुळे ती पुन्हा टाकण्यात गैर काही नाही.

समजा, असे 36 विषय निघाले. प्रत्येकाची तीन रूपं करा. सोलकढीचंच घ्या: एकदा कोकमं भिजत घातल्याचा फोटो, एकदा नारळाचा रस काढतानाचं रील, एकदा ‘सोलकढी फुटते का?’ याचं उत्तर. आठवड्याला पाच पोस्ट असतील तर तीन ताज्या आणि दोन जुन्या ठेवा. मग एक विषय 18 आठवड्यांनी परत येतो आणि तेच रूप 54 आठवड्यांनी, म्हणजे वर्ष उलटल्यावर.

हे सगळं साध्या तक्त्यात मावतं: विषय, रूप, शेवटची तारीख आणि ‘कधी थांबवायची’. चुका होतात त्या या शेवटच्या रकान्यात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद असतात, तेव्हा त्या पोस्ट आपोआप जाता कामा नयेत. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, म्हणून गेल्या वर्षीची तारीख लिहिलेली पोस्ट कधीच फिरवू नये. राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्या संध्याकाळी एखाद्या पेजवर त्याच पुतळ्याचा ‘नक्की पाहा’ असा फोटो वेळेवर लावून ठेवलेला असता, तर केवढा संताप उसळला असता! गावात काही वाईट घडलं की पहिलं काम एकच, पुढच्या लावलेल्या सगळ्या पोस्ट थांबवणं. हा निर्णय कुठलंही वेळापत्रक घेत नाही, माणसालाच घ्यावा लागतो.

लोक कंटाळले हे कसं ओळखायचं? त्या विषयाची मागची फेरी आणि ही फेरी शेजारी ठेवा. पोच तेवढीच असून सेव्ह आणि शेअर घटले, तर रूप शिळं झालंय, ते बदला. दोन रूपं बदलूनही तेच दिसलं, तर विषय वर्षभर बाजूला ठेवा. पेज लहान असेल आणि बहुतेक फॉलोअर गावचेच असतील, तर दोन जुन्या पोस्टही जास्त होतात, एकच पुरे.

विद्यार्थ्यांनो, ओळखीच्या एखाद्या खानावळीचं पेज मालकाच्या परवानगीने एक हंगाम सांभाळा आणि तक्ता जपून ठेवा. पालकांनो, हंगाम संपल्यावर तो तक्ता मागून बघा. कोणती पोस्ट का थांबवली, हे मुलाला सांगता आलं, तर तो काम शिकला आहे.