वहीतून फोनमध्ये जाताना

सांगली,
18 मार्च

चि. सोनूस,


तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. कुठलं अ‍ॅप घेऊ, एवढंच तू विचारलंस. खातं ठेवायला खाताबुक आहे, छापील बिलं करायला व्यापार आहे, आणखीही पाच-सहा आहेत. कुठलंही घे, तुझ्या कामाला पुरेल. दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझी वही चाळली होती. अडचण अ‍ॅप निवडण्यात नाही, वहीतला हिशेब तू ज्या पद्धतीने लिहितेस त्यात आहे. तीच पद्धत फोनमध्ये नेलीस तर फोनही चुकीचेच आकडे दाखवेल. म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहिते.

तुझ्या वहीत एकाच पानावर तीन गोष्टी असतात: मापं, कपडा कधी द्यायचा ती तारीख, आणि पैसे. अ‍ॅपला यातली फक्त तिसरी कळते. मापांची वही बंद करू नकोस. मुंडा, छाती, बाहीची लांबी, मागच्या गळ्याची खोली हे सगळं तू तुझ्या खुणांनी लिहितेस आणि कापायला बसल्यावर ती वही पाटावर उघडी लागते. तिथे फोन धरून काम होत नाही. मापांच्या पानावर फक्त बिलाचा नंबर टाक, म्हणजे कुठलं माप कुठल्या बिलाचं हे शोधावं लागणार नाही.

आता पैशांकडे येते. तुझ्या आजोबांच्या दुकानात दोन वह्या असत. रोज जे घडेल ते रोजमेळात जायचं आणि रात्री बसून ते एकेकाच्या खात्यावर चढवायचं, ती खतावणी. माझ्या मॅचिंग सेंटरला पहिली काही वर्षं मीही तेच केलं. अ‍ॅप जे करतं ते एवढंच: खतावणी आपोआप होते. रोजमेळ मात्र तुलाच लिहावा लागतो, आणि त्यात प्रत्येक नोंद जमा की नावे, हे तुलाच ठरवावं लागतं. पडद्यावर दोन बटणं दिसतील, एक ‘दिले’ आणि एक ‘मिळाले’. तुझ्याकडून ग्राहकाला काही गेलं, मग ते शिवून दिलेलं काम असो की अस्तर, तर ते ‘दिले’, म्हणजे तिच्या नावे. तिच्याकडून पैसे आले ते ‘मिळाले’, म्हणजे तिच्या खात्यावर जमा.

हे सोपं वाटतं, पण शिवणकामात अ‍ॅडव्हान्स असतो आणि घोळ तिथेच होतो. तुझ्या वहीतलंच एक उदाहरण घेते. एका काकूंचे अस्तराचे दोन ब्लाउज होते, शिलाई प्रत्येकी 450, म्हणजे 900. अस्तर तुझ्याकडचं, 160. एका साडीचा फॉल-पिको 140. एकूण 1,200 झाले. त्यांनी 500 रुपये अ‍ॅडव्हान्स दिले आणि तू वहीत लिहिलंस, ‘ब्लाउज 2, फॉल, बाकी 700’. ते 500 कुठेच लिहिले नाहीत. डब्यात मात्र ते पडले, त्यातूनच दोरा-हुक आले आणि घरची भाजीही आली. महिनाअखेरीला तू बाक्या जमवून बघितल्यास आणि म्हणालीस, एवढी मशीन चालवून हाती काहीच येत नाही. पैसे आले होते, सोनू. त्यांची नोंद नव्हती.

अ‍ॅपमध्ये हीच ऑर्डर अशी लिहायची. कापड हातात आलं आणि 500 मिळाले त्या दिवशी फक्त ‘मिळाले 500’ टाक. लगेच त्या काकूंच्या नावापुढे तुला 500 रुपये देणे दिसेल. घाबरू नकोस, चूक झालेली नाही. त्यांचे पैसे तुझ्याकडे आहेत आणि काम अजून दिलेलं नाही, म्हणजे तू खरंच त्यांचं देणं लागतेस. कपडा नेतील त्या दिवशी ‘दिले 1,200’ टाक. आता देणं फिटून 700 येणे दिसेल. त्यांनी तिथेच 400 यूपीआयने दिले तर ‘मिळाले 400’, आणि राहिले 300. ही खरी उधारी.

तू म्हणशील, ऑर्डर घेतानाच 1,200 नावे टाकले तर काय बिघडलं? लग्नसराईत बघ काय होतं ते. तीस ऑर्डरी घेतल्यास, प्रत्येकीचे असेच 700 राहिले, तर अ‍ॅप सांगेल की तुझं 21,000 येणं आहे. त्यातले निम्मे ब्लाउज अजून कापलेलेसुद्धा नसतील. त्या आकड्याच्या भरवशावर तू पिको मशीनचा हप्ता ठरवलास तर फसशील. शिवाय एखादीने न शिवताच कापड परत नेलं, तर नोंद खोडावी लागते आणि खोडलेल्या नोंदींचा हिशेब पुढे लागत नाही. मी एका वर्षी नेमकं हेच केलं होतं. येण्याच्या आकड्यावर विसंबून घाऊकवाल्याकडून जास्तीचं कापड उचललं आणि त्याचे पैसे फेडायला चार महिने लागले.

बिलाचं अ‍ॅप घेतलंस तर त्यात सेल ऑर्डर नावाची वेगळी सोय असते. ऑर्डर आणि अ‍ॅडव्हान्स तिथे टाकायचा आणि कपडा देताना त्याचंच बिल करायचं. तोवर ती रक्कम विक्रीत धरली जात नाही. दिवसाला चार-पाच ऑर्डरी असतील तर ही सोय चांगली, कारण न दिलेल्या कपड्यांची यादीही समोर राहते. नुसत्या खात्याच्या अ‍ॅपवर मी वर सांगितलं तसं करायचं. आकडे दोन्हीकडे सारखेच येतात.

सुरुवात 1 एप्रिलला कर, नवं आर्थिक वर्ष तेव्हा लागतं. जुन्या वहीतल्या सगळ्या नोंदी चढवत बसू नकोस. 31 मार्चला रात्री वहीत आडवी रेघ मार आणि ज्यांची बाकी आहे तेवढीच नावं काढ. मात्र आकडा अ‍ॅपमध्ये टाकण्याआधी त्या बाईला तो तोंडी सांग: ‘काकू, मागचे 350 आहेत, बरोबर ना?’ त्या हो म्हणाल्या की मग टाक. याचं कारण असं की काही अ‍ॅप नोंद होताच समोरच्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवतात. शेजारणीला अचानक आपल्या नावावर बाकी असल्याचा मेसेज गेला आणि तिच्या आठवणीत ते पैसे देऊन झाले असतील, तर पैसे राहतातच बाजूला, बोलणं बंद होतं. सेटिंगमध्ये जाऊन हे मेसेज आधी बंद कर. सगळ्या बाक्या पक्क्या झाल्या की मग चालू करायचे का ते ठरव.

जीएसटीचं तू विचारलं नाहीस, पण बिलाचं अ‍ॅप उघडलंस की ते कराचा दर विचारेल, म्हणून सांगते. शिलाई ही सेवा आहे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते. नुसता माल विकणाऱ्याला ही मर्यादा 40 लाख आहे, पण तू अस्तर विकत असलीस तरी ती तुला लागू होत नाही, कारण मुख्य काम शिलाईचं आहे. तुझी उलाढाल महिना पंचवीस हजार धरली तरी वर्षाचे तीन लाख होतात. म्हणजे नोंदणी नको. आणि नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून कर घेता येत नाही. बिलावर कराची ओळ येता कामा नये आणि वर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असंही छापून येता कामा नये. सेटिंगमध्ये जीएसटी बंद कर, नाव नुसतं ‘बिल’ ठेव, आणि पहिलं बिल कुणाला पाठवण्याआधी स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघ.

रात्री मशीनवर कापड झाकलंस की पाच मिनिटं गल्ला मोज. हे अ‍ॅप करत नाही. सकाळी डब्यात 640 होते, दिवसभरात रोख 750 आले, हुक आणि दोऱ्याला 180 गेले. म्हणजे 1,210 असायला हवेत. मोजल्यावर 1,110 निघाले तर शंभर रुपये कुठे गेले ते त्याच रात्री आठवतं: दूधवाल्याला दिलेले असतात. ‘घरखर्च 100’ अशी नोंद टाक. आठ दिवसांनी ते कुणालाच आठवत नाही. यूपीआयचे पैसे यात धरू नकोस, ते बँकेच्या मेसेजशी वेगळे ताडून बघ. तुझ्या भिंतीवरचा क्यूआर कोड जावईबापूंच्या खात्याचा आहे, हे मी पाहिलंय. तो स्वतःच्या खात्याचा करून घे. नाहीतर शिलाईचे कुठले आणि त्यांचे कुठले, हे शोधण्यात तुझे महिने जातील.

शेवटचं फोनबद्दल. काही अ‍ॅप हिशेब त्यांच्या सर्व्हरवर ठेवतात, काही तुझ्याच फोनमध्ये. माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला तेव्हा मला हा फरक कळला, कारण सहा आठवड्यांचा हिशेब परत आलाच नाही. बॅकअप चालू असेल असं मी धरून चालले होते, उघडून बघितलं नव्हतं. तू पहिल्या आठवड्यातच एक कर: घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच अ‍ॅप टाक, तुझ्या नंबरने उघड, आणि नावं आणि बाक्या दिसतात का बघ. दिसल्या नाहीत तर बॅकअप कुठे जातोय ते शोध आणि तो परत आणून बघ. नंबर तुझ्याच नावावरचा असू दे, ओटीपी त्यावरच येतो. आणि दर महिन्याच्या शेवटी सगळ्या बाक्यांची पीडीएफ काढून स्वतःला मेल कर.

पहिले दोन महिने वहीतही पैसे लिहीत जा. कष्ट दुप्पट होतील हे मला कळतं. पण महिनाअखेरीला वहीची बेरीज आणि अ‍ॅपची बेरीज सारखी आली की मगच वही मापांपुरती ठेव. जुळली नाही तर तू अ‍ॅडव्हान्सची नोंद आधी तपास. बहुतेक वेळा फरक तिथेच असतो.

गुढीपाडव्याला येणार आहेस ना? वही बरोबर आण. बाक्यांची यादी आपण दोघी बसून काढू.

तुझी,
आत्या