शीर्षकाचा रोख ठरवणे : शोधनिकालांचा अभ्यास

प्रास्ताविक

महाजालासाठी लेख लिहिताना विषय ठरला, तरी शीर्षकाचा रोख ठरलेला नसतो. रोख म्हणजे शीर्षकाने वाचकाला दिलेले नेमके वचन. तो ठरवण्यापूर्वी त्या विषयाचे पहिले दहा शोधनिकाल कसे वाचावेत, हे आपण एका उदाहरणातून पाहू.

विषय-विवेचन

समजा, तुम्हाला सातबारा उताऱ्यावर लेख लिहायचा आहे. ब्राउझरची खासगी विंडो उघडून ‘सातबारा उतारा’ हे शब्द शोधा. तुमच्या आधीच्या शोधांचा निकालांवर होणारा परिणाम त्यामुळे कमी होतो. जाहिराती वगळून प्रत्येक निकालाचे शीर्षक, पृष्ठाचा प्रकार आणि दिलेले वचन अशा तीन रकान्यांत नोंद करा. शोधयंत्र कधीकधी मूळ शीर्षक बदलून दाखवते. म्हणून पृष्ठ उघडून मथळा पडताळा. नोंदीवर तारीख घाला, कारण निकाल बदलत राहतात.

आता असे मानू, की दहापैकी सात निकाल उतारा ऑनलाइन कसा मिळवावा हे सांगतात आणि त्यांत शासकीय संकेतस्थळ सर्वांत वर आहे. याचा अर्थ, हे शब्द लिहिणाऱ्या बहुतेकांना उतारा हवा आहे, विवेचन नको. येथे वेगळे शीर्षक देऊनही लेख वाचकाच्या गरजेबाहेरच राहील. अशा वेळी शीर्षक न सजवता शोधशब्द बदलावा.

‘सातबारा उतारा कसा वाचावा’ असे शोधल्यावर बहुतेक लेख गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, एवढे सांगून थांबतात, असे समजा. ही समान माहिती तुमच्या लेखातही हवी. मात्र रोख तिच्यात नाही. जमीन विकत घेणाऱ्याला ‘इतर हक्क’ या रकान्यातील कर्जाचा बोजा वा कुळाची नोंद कशी ओळखावी हे कळले नाही, तर त्याची आयुष्यभराची पुंजी अडकू शकते. ही उणीव खरी आहे का, हे संबंधित प्रश्नांवरून व पृष्ठाच्या तळाशी दिसणाऱ्या शोधांवरून पडताळावे. तेथे ‘बोजा’, ‘खरेदी’ असे शब्द येत असतील, तर मागणी आहे. ते कोठेच नसतील, तर त्या रिकाम्या जागेला फारसे वाचक नसण्याची शक्यता अधिक.

मागणी दिसल्यास शीर्षक असे होईल : ‘सातबारा उतारा कसा वाचावा? जमीन घेण्यापूर्वी तपासायच्या इतर हक्कांतील नोंदी’. लांब शीर्षक निकालांत शेवटी तुटते, म्हणून मुख्य शब्द आरंभी आहेत. लेखाचा मोठा भागही याच नोंदींना द्यावा लागेल. अन्यथा वचन मोडेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

‘वारस नोंद’ या शब्दांचे पहिले दहा निकाल तीन रकान्यांत नोंदवा. बहुतेकांत समान असलेली गरज आणि कोणीही न दिलेले वचन, प्रत्येकी एका वाक्यात लिहा.