पुराच्या नोटिशीत मागावे किती?

प्रश्न : कोल्हापूरजवळचे आमचे बांधकाम पंचगंगेच्या पुरामुळे 12 दिवस बंद होते, नंतर गाळ काढण्यात 4 दिवस गेले. 3 महिने मुदतवाढ आणि भरपाई मागता येईल का?
– एक कंत्राटदार

उत्तर : पूर आला म्हणून करार आपोआप थांबत नाही. सवलत करारातील नैसर्गिक आपत्तीच्या कलमातून मिळते. ती बहुधा मुदतवाढीची असते, पैशांची नव्हे. नोटीस कलमात दिलेल्या मुदतीतच द्यावी लागते. तीत कोणते काम कधीपासून कधीपर्यंत अडले हे लिहून राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या नोंदी, तारखेसह फोटो आणि साइट डायरी जोडावी. सिमेंट उंचावर हलवले, पंप लावले, हेही नोंदवावे. या उदाहरणात 16 दिवसांचीच मागणी टिकते. पुराआधीची दिरंगाई तीत मिसळली, तर खऱ्या दिवसांवरही संशय येतो.