बाळाचा श्वास मोजायला मदतनीस कशी तयार कराल?

पावसाळ्यात आमच्या वांद्रे पूर्वेच्या वस्तीत घराघरांत मुलं खोकतात. साधा सर्दी-खोकला कोणता आणि न्यूमोनियाची शंका कधी घ्यायची, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : मूल मिनिटाला किती श्वास घेतं. सगळ्या घरी मी एकटी पोचू शकत नाही, म्हणून शेजारच्या अकरावीतल्या मुलीला शिकवायला घेतलं. काम एका मिनिटाचं; पण शिकवताना माझ्याच चुका कळल्या.

मी तिला म्हटलं, "पोटाकडे बघ आणि श्वास मोज." आठ महिन्यांचं बाळ होतं. तिने ७५ मोजले, मी त्याच मिनिटात ३८. ती म्हणाली, "ताई, पोट वर गेलं ते एक, खाली आलं ते दोन." चूक तिची नव्हती. श्वास म्हणजे किती, हे मी सांगितलंच नव्हतं. त्या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. तिच्या आकड्यावर बाळाला विनाकारण दवाखान्यात धावावं लागलं असतं.

म्हणून त्याच दिवशी वहीत लिहायला सुरुवात केली. लिहिलं तिने, तिच्याच शब्दांत. शिकणाऱ्याने लिहिलं की आपलं काय सांगायचं राहिलं ते दिसतं. मग तो कागद आम्ही तिसऱ्या मुलीच्या हातात दिला. तिला काहीच शिकवलं नव्हतं, आणि आम्ही दोघी गप्प बसलो. तिने बाळ अंगावर पीत असतानाच मोजायला सुरुवात केली. कागदात आणखी एक ओळ वाढली. तो आज असा आहे :

१. आधी बघा : मूल पीत नाही, फिट आली, उठवूनही नीट जागं होत नाही, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो? मग मोजत बसू नका, लगेच रुग्णालयात न्या.

२. वय जन्माच्या कार्डावरून महिन्यांत लिहा.

३. मूल शांत किंवा झोपलेलं हवं. रडत किंवा पीत असेल तर थांबा.

४. झबलं वर करा. उजेड पोटावर पडू द्या.

५. मोबाईलवर एक मिनिटाची घंटा लावा. नजर पोटावरच ठेवा, घड्याळावर नको.

६. पोट एकदा वर आलं की एक. खाली जाताना मोजू नका. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही.

७. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त : हा जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पुन्हा एकदा मोजा. जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

८. तारीख, वेळ, वय, आकडा, कुठे पाठवलं आणि मोजणारीचं नाव लिहा.

एकटीला पाठवण्याआधी पाच मुलांवर आम्ही दोघींनी एकाच मिनिटात मोजलं आणि आकडे न बोलता आपापले लिहिले. दोनपेक्षा जास्त फरक पडला की का पडला ते शोधलं.

मग एका मुलाचे तिने ४६ मोजले. आई म्हणाली, "वर्षाचा होईल आता." कार्ड काढलं, तर चौदा महिने पूर्ण. अकरा महिन्यांच्या बाळाला ४६ चालले असते, याला नाही. दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी न्यूमोनियाचं औषध सुरू केलं. दुसरी ओळ नसती तर ते मूल घरीच राहिलं असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच गोष्ट दायांसाठी केली. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांना त्यांनी मण्यांचं साधन आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर श्वास जलद. तिथे कागदाच्या जागी मणी होते, एवढाच फरक.

मदतनिसाची हद्दही कागदावर लिहा. ती मोजते आणि पाठवते. औषध देत नाही, आणि आकडा कमी आला म्हणून "काही नाही" असंही सांगत नाही. आई घाबरलेली असेल तर मुलाला दाखवायलाच न्यायचं.